जुन्या घरावर नवा मजला: वजनाची वाट आणि पाण्याची वाट

गच्चीच्या कोपऱ्यातून वर आलेल्या, गंजून तांबड्या पडलेल्या चार सळया दाखवून "पुढच्या मजल्याची सोय वडिलांनी तेव्हाच करून ठेवली आहे" असे सांगणारे घरमालक महाराष्ट्रातल्या बहुतेक वास्तुविशारदांना भेटलेले असतात. हल्ली ही सळयांची छायाचित्रे परदेशांतून भ्रमणध्वनीवर येतात. आईवडील खालच्या मजल्यावर राहतात, मुले वर्षातून एकदा येतात, आणि वर दोन खोल्या चढवल्या तर सर्वांचीच सोय होईल, हा विचार अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की त्या सळया नेमक्या कशातून वर आल्या आहेत, आणि त्यांच्याखाली काय आहे.

याचे उत्तर शोधण्याची पद्धत समजावी म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पित आहे, पण त्यातली मापे त्या काळच्या घरांत सर्रास आढळणारी आहेत. पुण्यातल्या एका जुन्या वसाहतीत १९७८ साली बांधलेला तळमजला व त्यावर एक मजला. भिंती नऊ इंची, म्हणजे २३ सेंटीमीटर जाडीच्या विटांच्या. वर साडेचार इंची स्लॅब. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा. मधोमध एक लांब भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३.३ मीटर रुंदीच्या खोल्या. समोर पोर्च, आणि सळया आहेत त्या या पोर्चच्या खांबांतून वर आलेल्या. घराचा उरलेला सगळा भार भिंतींवर आहे. म्हणजे ज्या सळयांच्या भरवशावर मजला चढवायचा, त्यांचा घराच्या मुख्य भाराशी संबंधच नाही. शिवाय चाळीस-पंचेचाळीस पावसाळे उघड्यावर काढलेली सळई मुळाशी, म्हणजे काँक्रीटमधून ती बाहेर पडते तिथेच, सर्वांत जास्त झिजलेली असते. तिला नवी सळई जोडण्याचा विचार सोडून द्यावा.

तेव्हा सळया बाजूला ठेवून वास्तुविशारदाने पहिला प्रश्न विचारायचा तो असा: नव्या मजल्याचे वजन कोणत्या वाटेने जमिनीत जाणार? वरून खाली, एकेक पायरी तपासत उतरायचे. यात गणित व अंतिम निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा असतो. पण कुठे खोदायचे, कुठला गिलावा काढायचा आणि काय मोजायचे हे वास्तुविशारदाला ठाऊक नसेल, तर इंजिनिअरलाही कागदावरचे घर तपासावे लागते, उभे असलेले नव्हे.

पहिली पायरी गच्चीचा स्लॅब. हा आता जमीन होणार. लोकांना वाटते की इथेच मोठी अडचण असेल, पण बहुधा तसे नसते. साडेचार इंची स्लॅबचे स्वतःचे वजन चौरस मीटरला सुमारे २९० किलो. त्यावरचा ब्रिकबॅट कोबा आणखी सुमारे २३५ किलो. खालचा गिलावा २५. आणि माणसांच्या वावराचे, नियमानुसार धरावयाचे वजन १५०. असे मिळून सुमारे ७०० किलो हा स्लॅब आजही पेलतो आहे, असे धरले जाते. कोबा खरवडून काढला व त्या जागी चुनखडी-सिमेंटच्या थरावर फरशी बसवली, तर तो थर सुमारे १२० किलोचा. वावराचे वजन खोलीसाठी २०० धरावे लागते. तरी बेरीज ६३० च्या आसपास येते. भार चक्क कमी होतो. उलट, कोबा फोडण्याचा खर्च व धूळ वाचवावी म्हणून त्यावरच फरशी घातली, तर तोच आकडा ८७० वर जातो. कंत्राटदाराला कोबा फोडणे नकोसे असते, घरमालकाला गळतीची भीती वाटते. म्हणून तो तसाच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

स्लॅबची खरी परीक्षा होते ती नव्या मजल्यावरील आडभिंतींनी. खालच्या मजल्यावर जिथे भिंत नाही तिथे, स्लॅबच्या मध्यावर, चार इंची विटांची एक भिंत घातली, की तिच्या दर मीटर लांबीला सुमारे ८४० किलो भार येतो, आणि तोही सर्वांत नाजूक जागी. ढोबळ हिशेबाने तेवढ्या पट्ट्यात स्लॅबला वाकवणारा जोर ऐंशी टक्क्यांनी वाढतो. म्हणून वरच्या मजल्याचा आराखडा काढण्यापूर्वी खालच्या दोन्ही मजल्यांचे आराखडे पारदर्शक कागदावर एकमेकांवर ठेवून पाहावेत, आणि नवी भिंत जुन्या भिंतीवरच येईल अशीच रचना करावी. हवी ती खोली हव्या त्या जागी मिळणार नाही, हे घरमालकाला सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

स्लॅबच्या आतले पाहायचे तर खालून, खोलीच्या मध्यावर, वीतभर गिलावा आणि सळईपर्यंतचे काँक्रीट काढावे. सळईची जाडी, दोन सळयांमधील अंतर, तिच्याखाली काँक्रीटचे आवरण किती, हे मोजावे. फोडलेल्या ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडावे. काँक्रीट निरोगी असेल तर ते गर्द गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची क्षारता संपली असेल तर रंग येत नाही. बिनरंगाचा थर सळईच्या पलीकडे गेला असेल, तर ओल पोचताच सळई गंजण्याला आता अडथळा उरलेला नाही. काँक्रीटवर हातोडीसारखे उपकरण दाबून उसळीवरून ताकद सांगण्याची चाचणी स्वस्त आहे व अहवालांत हटकून असते; पण ती पृष्ठभागच वाचते, आणि असा कार्बनने पालटलेला पृष्ठभाग अधिक कठीण झालेला असल्याने जुन्या काँक्रीटला ती फाजील गुण देते. केवळ त्या आकड्यांवर कोणी मजल्याला होकार देत असेल, तर तो मान्य करू नये.

आता भिंतीकडे येऊ, कारण या घराचा निकाल इथे लागणार आहे.

मधल्या भिंतीवर दोन्ही बाजूंच्या स्लॅबचा अर्धा अर्धा भाग टेकतो, म्हणजे ३.३ मीटर रुंदीचा पट्टा. तिच्या दर मीटर लांबीला गच्चीचे सुमारे २.३ टन, वरच्या भिंतीचे दीड टन, पहिल्या मजल्याच्या स्लॅबचे २.१ टन आणि तळमजल्याच्या भिंतीचे दीड टन, असे जोत्यापाशी ७.४ टन आज येतात. २३ सेंटीमीटर जाडीवर ते वाटले, तर चौरस सेंटीमीटरला ३.२ किलो. विटांचाच नवा मजला व वर नवा स्लॅब घातला, तर कोबा काढूनही सुमारे ३.६ टनांची भर पडते, ७.४ चे ११ टन होतात आणि दाब ४.८ किलोवर जातो. वीटकामासाठीच्या आयएस १९०५ या भारतीय मानकानुसार आपल्याकडील साध्या विटा व बेताचा मसाला धरला, तर भिंतीच्या उंचीमुळे होणारी घट वजा जाता परवानगी मिळते ती तीन ते चार किलोंच्या दरम्यान. म्हणजे भिंत आजच मर्यादेपाशी उभी आहे, आणि नव्या मजल्याने ती ओलांडणार आहे.

म्हणून विटा आणि मसाला प्रत्यक्ष पाहावा लागतो. तळमजल्यावर, जोत्याच्या थोडे वर, दोन-तीन ठिकाणी हातभर गिलावा काढावा. सांध्यातला मसाला खिळ्याने खरवडून पाहावा. वाळूसारखा भुरभुर गळत असेल, तर सिमेंटचे प्रमाण नावापुरते आहे. चार-सहा सुट्या विटा काढून प्रयोगशाळेत दाबून घ्याव्यात. वीट पाण्यात भिजवून तोलली की ती किती पाणी पिते तेही कळते. जोत्याजवळ विटा पापुद्रे सुटून झिजल्या असतील, तर भिंतीची खरी जाडी मोजून घ्यावी, कारण आपला सगळा हिशेब २३ सेंटीमीटरवर उभा आहे. याच कारणासाठी विजेच्या नळ्यांकरिता भिंतीत कापलेले आडवे खोबणही मोजायचे. दोन्ही बाजूंनी इंचभर खोल आडवी खाच गेली असेल, तर तिथे भिंतीचा पाचवा हिस्सा नाहीसा झालेला असतो, आणि गिलाव्याने झाकल्यावर ते कोणालाच आठवत नाही.

पण यापेक्षा मोठी गोष्ट झाकलेली असू शकते. आपल्या घरात १९९० च्या सुमारास दिवाणखाना व जेवणघर एक करण्यासाठी मधल्या भिंतीत आठ फुटी, म्हणजे २.४ मीटर रुंदीचा मोकळा गाळा काढला आहे. वर एक तुळई घातली, कोपरे गोल केले, शोभा वाढली. मूळ मंजूर नकाशात ही भिंत सलग आहे. जुन्या घराच्या तपासणीत नकाशा घेऊन फिरताना वास्तुविशारदाचे डोळे याच्याच शोधात असावेत: कागदावर असलेली आणि जागेवर नसलेली भिंत.

या गाळ्याच्या एका बाजूला, आडव्या भिंतीपर्यंत, फक्त ९० सेंटीमीटर लांबीचा भिंतीचा तुकडा उरला आहे. त्याच्या डोक्यावर स्वतःचा भार आहेच, शिवाय तुळईने आणून दिलेला अर्ध्या गाळ्याचाही आहे. एकूण २.१ मीटर लांबीच्या भिंतीचे ओझे या ९० सेंटीमीटरवर. हिशेब केला तर आजच तिथे सुमारे १३.७ टन येतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ६.६ किलो, परवानगीच्या जवळजवळ दुप्पट. तरी घर उभे आहे, ते का? कारण मानकातील परवानगी वीटकामाच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण चौथा हिस्सा असते. आपल्या साध्या वीटकामाची ती ताकद १४ किलोच्या आसपास धरू. म्हणजे चौपट असावयाची सुरक्षितता त्या तुकड्यात आजच दुपटीवर आली आहे. नवा मजला चढवला की तिथला भार २१ टनांवर आणि दाब १०.३ किलोवर जातो. "चाळीस वर्षे काही झाले नाही" या युक्तिवादाला इथे अर्थ उरत नाही. चाळीस वर्षांत जे वापरून संपत आले, त्याचाच उरलेला भाग आपण मागत असतो.

असा ताणलेला तुकडा कधी बोलतो, कधी गप्प राहतो. बोललाच तर गिलाव्यावर उभ्या, समांतर, केसासारख्या चिरा दिसतात. तुळई टेकते तिथे तिरपी चीर किंवा चुरलेला गिलावा दिसतो. हातोडीने वाजवल्यास भदभद आवाज येतो. गाळ्यावरच्या तुळईचीही झडती घ्यावी: सळया किती व कुठल्या, भिंतीवर ती किती टेकली आहे, मध्यावर खाली झुकली आहे का. दोन टोकांना दोरा ताणून धरला की झोक लगेच कळतो.

चिरांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरमालक त्या रंगकामाचा दोष समजतात. दाराखिडक्यांच्या कोपऱ्यातून निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी चीर पाया एका बाजूला खचल्याचे सुचवते. भिंत व स्लॅब यांच्या सांध्यातली आडवी चीर बहुधा उन्हाने गच्ची प्रसरण पावल्याची असते आणि तेवढी गंभीर नसते. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातली उभी चीर मात्र भिंती एकमेकींना धरून नाहीत असे सांगते. चीर जिवंत आहे की जुनी, हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. हालचाल झाली तर काच तडकते. हे निरीक्षण एका पावसाळ्यावरून तरी जावे, कारण पुण्याच्या ज्या भागांत काळी माती आहे तिथे ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या इमारतीवरचे मजले परवानगीवाचून चढवलेले होते. एप्रिल २०१३ मध्ये ती कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली, आणि चिरा आदल्याच दिवशी सर्वांनी पाहिल्या होत्या.

इथे परदेशातून येणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक अडचण आहे. बहुतेक जण नाताळच्या सुटीत, डिसेंबरात येतात, आणि त्याच आठवड्यात वास्तुविशारदाला घर दाखवतात. डिसेंबरात जुने घर सर्वांत देखणे असते. ओल वाळलेली, गच्ची कोरडी, चिरा रंगाखाली. पाहणी सप्टेंबरच्या अखेरीस झाली पाहिजे. ते शक्य नसेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये घरच्या मंडळींनी प्रत्येक खोलीचे छत, न्हाणीघराची बाहेरची भिंत, छज्जांच्या खालच्या बाजू आणि आवारात पाणी साचते त्या जागा यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. त्यांचा उपयोग महागड्या चाचणीइतका होतो.

आता पाया. यासाठी खड्डा घेण्याला पर्याय नाही. एक खड्डा मधल्या भिंतीला लागून, घरातली फरशी काढून. दुसरा बाहेरच्या कोपऱ्यात, जिथे मैलापाण्याची वाहिनी जवळून जाते तिथे. खड्डा मीटरभर लांबीपेक्षा मोठा नको, पायाच्या तळाखाली जायचे नाही, पावसाळ्यात घ्यायचा नाही, आणि पाहून झाले की त्याच दिवशी ठोकून भरायचा. पायाची रुंदी, खोली, तो दगडाचा की विटांचा, आणि तळाशी मुरूम आहे की माती, हे पाहायचे. आपल्या घराचा पाया ९० सेंटीमीटर रुंद असून कठीण मुरुमावर आहे असे समजू. पायाचे स्वतःचे टनभर वजन धरून आज जमिनीवर चौरस मीटरला सुमारे ९ टन येतात, नव्या मजल्याने १३ च्या वर जातील. कठीण मुरूम साधारणतः याहून बरेच अधिक पेलतो. मातीचा चाचणी अहवाल त्याला दुजोरा देईल. म्हणजे ज्या पायाची सर्वांना काळजी असते तो सुटला, आणि ज्या भिंतीकडे कोणी पाहिले नाही ती अडकली. तळाशी काळी माती निघाली असती, तर हाच निकाल उलट लागला असता आणि बोलणे तिथेच थांबले असते. गाळ्याच्या बाजूच्या तुकड्याखाली मात्र मुरुमावरही स्वतंत्र हिशेब करावा लागतो, कारण तिथे भार एकवटलेला आहे.

पायाशी निगडित आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते: घर बांधल्यानंतर कधीतरी आवारात केलेली पाण्याची जमिनीखालची टाकी. पाया सव्वा मीटर खोल आणि टाकी त्याच्यापासून दोन फुटांवर पावणेदोन मीटर खोल असेल, तर पायाखालच्या जमिनीचा एका बाजूचा आधार तिने काढून घेतलेला असतो. टाकी झिरपत असेल तर दुहेरी नुकसान. संध्याकाळी भरून, सगळे नळ बंद करून, पातळीची खूण करावी आणि सकाळी पाहावे.

इथून पाण्याची वाट सुरू होते. घराच्या सेवावाहिन्यांची तपासणी ही दुय्यम, प्लंबरवर सोपवण्याची बाब समजली जाते, पण पाया खचण्याचे कारण फार वेळा फुटलेल्या मैलावाहिनीत सापडते. १९७८ च्या घरात ती चार इंची चिनी मातीच्या पाइपची असते. सांधे सिमेंटचे, आणि त्यांतून आवारातल्या झाडांची मुळे आत शिरलेली. तपासणी सोपी आहे. खालच्या चेंबरमध्ये पाइपचे तोंड बंद करावे, वरच्या चेंबरमधून पाणी भरावे आणि अर्धा तास पातळी पाहावी. ती उतरली तर पाणी पायाशी जाते आहे. उतार साठास एक इतका तरी आहे का, हेही त्याच वेळी मोजता येते. तिसऱ्या मजल्याच्या पाण्याने चार इंची उभा पाइप अपुरा पडत नाही. पण जुन्या वाहिनीचे सांधे अधिक वेळा भरतील आणि अधिक झिरपतील. नव्या मजल्याचे काम सुरू होण्यापूर्वी ती बदलून घ्यावी, कारण नंतर अंगणात विटा-वाळूचे ढीग येतात.

उभ्या पाइपांत दोन गोष्टी पाहायच्या. हवेचा पाइप आज गच्चीच्या कठड्याच्या वर संपतो, म्हणजे तो नव्या खोलीच्या खिडकीसमोर संपेल. तो नव्या छताच्याही वर न्यावा लागतो. आणि दुसऱ्या मजल्यावरून एकदम सोडलेले पाणी खाली येताना पाइपमध्ये हवेची ओढ व दाब निर्माण करते; तळमजल्याच्या न्हाणीघरातील जाळीतून गुडगुड आवाज आणि वास येऊ लागतो. म्हणून तळमजल्याचे शौचालय उभ्या पाइपला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरला जोडावे.

नवे न्हाणीघर जुन्यावरच यावे, याचे कारण पाइपांपेक्षा वजनाचे आहे. जुन्या गच्चीचा स्लॅब न्हाणीघरासाठी खाली दाबलेला नसतो. मग पाइप लपवण्यासाठी जमीन फूटभर उंच करून वीटतुकड्यांनी भरतात, आणि त्या भरावाचेच वजन चौरस मीटरला चारशे-पाचशे किलो होते. त्याऐवजी मागच्या भिंतीतून निघणारे भिंतीवरचे शौचपात्र घ्यावे, उंची कमीत कमी ठेवावी आणि भराव हलक्या ब्लॉकच्या तुकड्यांचा करावा. खालच्या मजल्याच्या दाबलेल्या न्हाणीघराचा स्लॅबही खालून उघडून पाहावा. साऱ्या घरात सळई गंजण्याची ती पहिली जागा असते.

छतावरच्या टाकीचा विचार बहुधा शेवटी होतो. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन, आणि आज ती जिन्याच्या डोक्यावर बसली आहे. नव्या मजल्यासाठी तो भाग पाडायचा, म्हणजे काम चालू असता खाली राहणाऱ्यांना पाणी कुठून द्यायचे हे आधी ठरवावे लागते. टाकी एक मजला वर गेली की खालच्या नळांतील दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.३ किलोने वाढतो. ऐकायला थोडा वाटतो. पण आतून गंजून अरुंद झालेले जस्ताच्या मुलाम्याचे जुने लोखंडी पाइप त्या वाढीने भिंतीच्या आतच पाझरू लागतात. उलट नव्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असल्याने स्नानगृहातील तुषार मंदावतो. टाकी छतापासून दीड-दोन मीटर उंच चबुतऱ्यावर न्यावी लागेल, आणि तो चबुतरा कुठल्या भिंतीवर येणार हे पुन्हा वजनाच्या हिशेबात धरावे लागेल.

विजेचे थोडक्यात: जुन्या ॲल्युमिनियमच्या तारा, तार बदलण्याचे फ्यूज आणि अपुरे अर्थिंग असलेल्या घराला वरच्या मजल्याचे दोन वातानुकूलक व दोन गीझर जोडायचे नाहीत. मंजूर भार वाढवून तीन फेजची जोडणी मागावी, नव्या मजल्याची मुख्य तार स्वतंत्र आणावी, आणि ती बाहेरून उभी न्यावी, भिंती न कापता.

भूकंपाचा मुद्दा या हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे व मुंबई तिसऱ्या क्षेत्रात आहेत. वर वाढवलेले वजन आडव्या धक्क्यात सर्वांत जास्त ओढ देते. १९७८ च्या घरात खिडक्यांवर सुटी लिंटेल असतात की साऱ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा आहे, हे दोन खिडक्यांच्या मधोमध, लिंटेलच्या पातळीवर गिलावा काढला की पाच मिनिटांत कळते. पट्टा नसेल, तर भिंतींवर वेल्डेड जाळी ठोकून तिच्यावर सिमेंट मसाल्याचा पट्टा सर्व बाजूंनी फिरवावा लागतो, आणि हे काम खालच्या दोन्ही मजल्यांवर, माणसे राहत असताना करायचे असते. नव्या मजल्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम क्वचितच धरलेली दिसते.

मग आपल्या घराचे काय? विटांचा मजला व काँक्रीटचा स्लॅब इथे चढवू नये. पण गच्चीवरचा कोबा काढला, भिंती सहा इंची हलक्या ब्लॉकच्या घेतल्या आणि छत पोलादी कैच्यांवर पत्र्याचे केले, तर मधल्या भिंतीवर पडणारी भर दर मीटरला ३.६ टनांऐवजी सुमारे ६०० किलोंवर येते. हे छत वाऱ्याने उचलले जाऊ नये म्हणून जुन्या स्लॅबवर चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालून त्यात कैच्यांचे पाय पक्के करावे लागतात. सलग भिंतीतला दाब त्यामुळे आजच्यापेक्षा थोडाच वाढतो. ९० सेंटीमीटरच्या त्या तुकड्याला मात्र हाही मजला परवडत नाही. तिथला दाब ६.६ चा ७.२ होतो. म्हणून गाळ्याखाली दोन उभे व एक आडवा पोलादी गर्डर असलेली चौकट, स्वतःच्या नव्या पायावर, आधी बसवायची. चौकट व जुनी तुळई यांच्यातली फट न आकसणाऱ्या मसाल्याने घट्ट भरायची, नाहीतर चौकट रिकामी उभी राहते आणि वजन जुन्याच वाटेने जात राहते. ही चौकट नवा मजला झाला नाही तरी बसवायलाच हवी. खालच्या खोलीत माणसे आजही राहत आहेत.

चिरांचे पावसाळाभराचे निरीक्षण वगळता या सगळ्या पाहणीला, चाचण्यांचे अहवाल येण्यासह, पाच-सहा आठवडे लागतात. चटईक्षेत्र शिल्लक आहे का आणि सोसायटीची संमती मिळते का, हे नगरपालिकेच्या नियमांनुसार त्याच काळात तपासता येते. नकाशावर सही करण्यापूर्वी वास्तुविशारदाच्या धारिकेत निदान तीन कागद असावेत: जागेवर मोजून काढलेला, पाडलेल्या भिंती लाल रंगाने दाखवणारा तिन्ही पातळ्यांचा आराखडा, प्रत्येक खड्ड्याची आणि उघडलेल्या जागेची मापे व छायाचित्रे, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा हिशेब, ज्यात गाळ्याच्या बाजूचा तो तुकडा वेगळा, नावानिशी मांडलेला असेल. शेवटच्या कागदात सगळ्या भिंतींचा एकच सरासरी दाब दिलेला दिसला, तर तो परत पाठवावा.